तिसरीतल्या एका मुलीच्या प्रगतीपुस्तकातल्या दोन-तीन ओळी

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सगळीकडे एकच काम चालू असतं, प्रगतीपुस्तकं भरणं. 1 मेला झेंडावंदन झालं की रिझल्ट द्यायचा असतो, त्याआधी सगळ्यांचे गुण, श्रेण्या, हजेरी, वजन-उंची, आणि मग ते शेवटचे रिकामे चौकोन. विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं तर दोन-तीन ओळी मावतात. गुण एकदा पटकन भरून होतात, पण हे चौकोन मला रात्री जेवणं झाल्यावर शांतपणे बसून भरावे लागतात, कारण आकड्यांत न मावणारं जे काही आहे ते सांगायची वर्षभरात हीच एक लेखी जागा आहे.

आणि त्यातही सगळ्यात कठीण नोंद हुशार मुलाची नसते, खूप मागे राहिलेल्याचीही नसते. जूनमध्ये चाचपडणारं आणि एप्रिलपर्यंत हळूहळू वर आलेलं जे मूल असतं ना, त्याची नोंद सगळ्यात कठीण. आज त्याच एका नोंदीबद्दल लिहिते. मुलगी माझ्या वर्गातली, तिसरीतली. शाळा देवगडच्या बाजूला, किनाऱ्याला लागून असलेल्या वाडीतली, दोन शिक्षकी, चार वर्ग दोन खोल्यांत. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही.

आधी श्रेणीचं बघू, कारण नोंद का महत्त्वाची ते तिथे कळतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्याच्या कलम 29 मध्ये मुलाचं मूल्यमापन सर्वंकष आणि सतत व्हावं असं आहे, आणि आपल्या राज्यात त्याप्रमाणे 20 ऑगस्ट 2010 चा शासन निर्णय आला. तिसरी-चौथीला एका सत्राचे शंभर गुण धरले तर 60 आकारिकचे आणि 40 संकलितचे. आकारिक म्हणजे वर्षभर चालतं ते, रोजचं निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय वगैरे, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा. या मुलीला मराठीत पहिल्या सत्रात आकारिकचे 29 आणि संकलितचे 17 पडले, एकूण 46, म्हणजे श्रेणी क-2. दुसऱ्या सत्रात 44 आणि 25, एकूण 69, म्हणजे ब-2. दोन्ही सत्रांची सरासरी काढली की येतात साडेसत्तावन्न, म्हणजे क-1.

आता दुसरं एक मूल घ्या, ज्याला पहिल्या सत्रात 58 आणि दुसऱ्या सत्रात 57 मिळाले. त्याचीही सरासरी साडेसत्तावन्नच, त्याचीही श्रेणी क-1. सरासरीच्या रकान्यात ही दोन मुलं अगदी सारखी दिसतात. एक जूनपासून जिथे होतं तिथेच आहे, आणि दुसऱ्याने एका वर्षात जवळजवळ दोन वर्षांचं वाचन भरून काढलंय. हा फरक सरासरी पुसून टाकते. तो कागदावर राहायचा असेल तर त्या चौकोनातच लिहावा लागतो, दुसरी जागाच नाही.

पण त्या चौकोनात आपल्याकडे काय लिहिलं जातं? दर वर्षी शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तयार वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफ फिरतात, विषयवार, इयत्तावार, पन्नास-पन्नास वाक्यं. "वाचन स्पष्ट उच्चारात करते." "गृहपाठ वेळेवर पूर्ण करते." "अभ्यासात सातत्य ठेवावे." शिक्षकाकडे ऑनलाइन माहित्यांचं, पोषण आहाराचं, सर्वेक्षणाचं इतकं काम असतं की ही वाक्यं का घेतली जातात ते मला समजतं. पण सुधारणा झालेल्या मुलासाठी त्या यादीत वाक्यच नाहीये, असूच शकत नाही, कारण अशा मुलाची नोंद दोन तारखांच्या मधल्या अंतराबद्दल असते आणि ते अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. मग होतं काय की बहुतेक वेळा एक ठरलेलं वाक्य येतं: "सुरुवातीला अभ्यासात मागे होती, आता चांगली प्रगती आहे. असेच प्रयत्न चालू ठेवावेत."

हे वाक्य वाईट हेतूने कोणीच लिहीत नाही. पण त्याचे तुकडे करून बघा. "अभ्यासात मागे होती" हा त्या मुलीवर मारलेला शिक्का झाला, काय येत नव्हतं ते त्यात नाहीच. "चांगली प्रगती" म्हणजे कुठून कुठपर्यंत ते कळत नाही. आणि "असेच प्रयत्न चालू ठेवावेत" यातलं "असेच" म्हणजे कसे, ते घरी कोणाला माहीत असणार? आमच्याकडे ऑनलाइन बदल्या होतात, पुढच्या जूनमध्ये चौथीला माझ्याऐवजी दुसरं कोणी असू शकतं. त्या नव्या शिक्षकाने हे वाक्य वाचलं तर त्याच्या हाताला लागणार काय, तर "मागे होती" एवढंच. वर्षभर चढून आलेलं मूल पुढच्या वर्गात परत "मागचं" म्हणून बसणार. म्हणून "अभ्यासात मागे" हे शब्द मी प्रगतीपुस्तकात लिहीतच नाही. सुरुवात कुठून झाली ते मात्र लिहिते, ते लपवलं तर प्रगती दिसणार कशी. फक्त ते मुलीबद्दल न लिहिता एका नेमक्या कौशल्याबद्दल लिहायचं.

तर या मुलीला जूनमध्ये नेमकं काय येत नव्हतं?

पहिली-दुसरी तिची दोन वेगवेगळ्या शाळांत झाली, मध्ये बरेच महिने ती घरीच होती. वडील ट्रॉलरवर खलाशी, आई काजू फॅक्टरीत, संध्याकाळी घरी आजी. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांचं वाचन ऐकते, तेव्हा तिने दुसरीच्या पुस्तकातला एक धडा माझ्यासमोर धडाधड वाचून दाखवला. बोट ओळीवरून सरकत होतं, आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. पण बोट "झाडावर" या शब्दावर होतं आणि तोंडातून पुढचं वाक्य येत होतं. मी वरचं चित्र हाताने झाकलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे गं? तिने शब्दाकडे बघितलं, मग वर छताकडे बघितलं, आणि ओठांतल्या ओठांत धडा पहिल्यापासून म्हणत म्हणत त्या शब्दापाशी आली आणि मग तो शब्द मोठ्याने सांगितला. म्हणजे पूर्ण धडा पाठ होता. वाचन नव्हतंच.

ज्यांना वर्ग माहीत नाही त्यांना वाटेल ही लबाडी आहे. अजिबात नाही. ऐकून लक्षात ठेवायची तिची ताकद जबरदस्त होती आणि त्या जोरावर तिने दोन वर्षं काढली होती. पण वाचन सुधारलंय की नाही हे तपासताना हाच सगळ्यात मोठा धोका असतो, पाठ्यपुस्तकातला उतारा वाचायला दिला तर पाठांतर आणि वाचन वेगळं कळतच नाही. म्हणून माझी नोंद कायम न पाहिलेल्या मजकुरावर असते. जुन्या मासिकातलं पान, मी फळ्यावर लिहिलेल्या चार ओळी, काहीही चालतं, फक्त तिने ते आधी बघितलेलं नको.

मग शब्दांची यादी दिली. मात्रा नसलेले दहा शब्द, घर, कमळ, बदक असे, त्यातले नऊ बरोबर. काना, वेलांटी, उकार, मात्रा असलेले दहा, त्यातले तीनच बरोबर. म्हणजे अक्षरं येत होती, अडलं होतं ते चिन्हांपाशी. आणि त्यातही पहिली वेलांटी. हे जरा सविस्तर सांगते, कारण मोठ्यांच्या ते लक्षातच येत नाही. "कविता" हा शब्द घ्या. कागदावर क नंतर लगेच ती वेलांटीची काठी येते आणि मग व येतो. म्हणजे डोळ्याला जे आधी दिसतं ते तोंडाने नंतर बोलायचं असतं. डावीकडून उजवीकडे इमानाने वाचणारं मूल ती काठी मागच्या क ला चिकटवतं आणि "किवता" वाचतं. त्याची चूक त्याच्या परीने एकदम तर्काची असते. काना, दुसरी वेलांटी, ही चिन्हं अक्षराच्या नंतर येतात म्हणून ती लवकर जमतात, आणि पहिली वेलांटी मागे राहते. तिचं अगदी तसंच होतं, "तारली" वाचायची आणि "किनारा" ला अडायची. जूनच्या नोंदवहीत मी तारखेसह एवढंच लिहिलं: अक्षरे ओळखते, काना जमतो, पहिली वेलांटी मागच्या अक्षराला जोडते, धडे पाठ म्हणते.

ही नोंदवही फार महत्त्वाची आहे. एप्रिलमध्ये बसून जून आठवायला गेलं तर आठवतं ते आपल्या मनातलं चित्र. कुठल्या शब्दाला अडली, कशी अडली, हे कोणालाच आठवत नाही. आकारिकची जी साधनं आहेत त्यात दैनंदिन निरीक्षण पहिलंच आहे, आणि खरं सांगायचं तर त्याला रोज पानभर लिहायची गरज नसते. एका मुलाची महिन्यातून एखादी ओळ, पण तारीख हवी आणि मूल नेमकं काय वाचलं ते हवं. "किवता" असं तिने जे म्हटलं तेच लिहून ठेवायचं. शेरा मारायचा नाही.

पुढचे महिने काय केलं ते थोडक्यात सांगते. घरी ती पूर्ण मालवणी बोलते. पुस्तकातले बरेच शब्द तिने कधी ऐकलेलेच नव्हते, त्यामुळे अक्षरं जोडून एखादा शब्द तयार झाला तरी तो बरोबर आहे की नाही हे तिला कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी कार्डं केली तिच्या घरच्या शब्दांची. तारली, मोरी, सुरमई, पेडवे, इसवण, सुंगटा, होडी, रापण, विहीर, किनारा, तिसऱ्या. आता "पेडवे" वाचताना जर तोंडातून "पडवे" आलं तर ती स्वतःच थांबायची, कारण पडवे असा मासा नाही हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. ओळखीच्या शब्दाचा हा फायदा, चूक झाली की कान सांगतो. बाईंनी सांगायची वाट बघावी लागत नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर बघितलं तर काना पक्का, वेलांटी-उकाराचे दहातले सहा शब्द बरोबर. पहिल्या सत्राच्या प्रगतीपुस्तकात मी लिहिलं, "काना असलेले शब्द वाचते. वेलांटीचे शब्द वाचताना मदत लागते." दिवाळीच्या सुट्टीनंतर ती घसरली, थोडी नाही, बरीच. सहाचे चार झाले. आपण "सातत्याने सुधारणा" असं म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर सरळ चढत जाणारी रेघ येते, पण वर्गात ती रेघ तशी कधीच नसते, प्रत्येक मोठ्या सुट्टीला खड्डा असतो. बघायचं ते हे, की खड्ड्यातून वर यायला किती वेळ लागतो. जूनमध्ये जे शिकायला दोन महिने लागले ते परत यायला तिला दोन आठवडे पुरले. ते पक्कं होत चालल्याची खूण तिथे मिळाली.

डिसेंबरमध्ये पहिल्यांदा शब्दांऐवजी उतारा दिला, चाळीस शब्दांचा. अकरा चुका, आणि वाचून झाल्यावर गोष्ट काय होती विचारलं तर गप्प. सगळी ताकद अक्षरं जोडण्यात गेली होती. फेब्रुवारीत पन्नास शब्दांच्या उताऱ्यात पाच चुका झाल्या, आणि त्यातल्या तीन ठिकाणी ती थांबली, मागे गेली आणि शब्द परत बरोबर वाचला.

मला विचाराल तर पूर्ण वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट ही. चुका कमी झाल्या ते चांगलंच, पण चुकल्यावर आपण चुकलो हे तिचं तिला कळायला लागलं, म्हणजे ती वाचताना अर्थ लावतेय. नुसतं चिन्हं बघून आवाज काढणारं मूल थांबत नाही, ते चुकीचा शब्दसुद्धा तेवढ्याच ठसक्यात म्हणून पुढे जातं. आणि गंमत अशी की याला कुठल्याही तक्त्यात गुण नाहीत, उलट थांबल्यामुळे वाचायला वेळ जास्त लागतो, त्यामुळे घड्याळ लावून वाचन घेतलं तर असं मूल हळू ठरतं. म्हणून हे नोंदीत शब्दांनी लिहावंच लागतं.

एप्रिलला पुन्हा नवा उतारा, पन्नास शब्दांचाच, चार चुका. आणि चारही चुका एकाच जातीच्या, रफार आणि ऱ्य. "सूर्य" ला "सूय" वाचलं, "किनाऱ्यावर" ला "किनायावर". रफाराचं पण पहिल्या वेलांटीसारखंच आहे, चिन्ह दिसतं य च्या डोक्यावर आणि बोलायचं य च्या आधी. म्हणजे तिचं अडणं संपलेलं नाहीये, ते एक पायरी वर सरकलंय. उताऱ्यावर तीन प्रश्न विचारले, दोनाची उत्तरं नीट दिली, तिसऱ्याचं परत मजकुरात शोधायला गेली. शोधायला गेली हे मी वहीत लिहिलं, कारण डिसेंबरात ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

गणिताचं एवढ्या विस्ताराने लिहीत नाही, पण तिथेही गोष्ट तशीच. 52 मधून 27 वजा करायला दिले की उत्तर यायचं 35. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढायची आणि पाच लिहायची, मग पाचातून दोन, तीन. दहाच्या नोटा आणि सुटे रुपये घेऊन दुकान-दुकान खेळल्यावर, नोट मोडल्याशिवाय सुटे देता येत नाहीत हे हाताला कळल्यावर ते जमलं. आता 52 वजा 27 बरोबर करते, पण 304 सारखं मध्ये शून्य आलं की परत गडबडते. गणिताच्या चौकोनात मी हेच लिहिलं, दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमते, मध्ये शून्य असलेल्या उदाहरणांचा सराव हवा.

आता मराठीची नोंद. सगळं काही त्या चौकोनात मावत नाही, निवड करावीच लागते. काय घ्यायचं नाही ते मी आधी ठरवते. शाळा बदलली, महिनोन्महिने घरी राहिली, आई दिवसभर फॅक्टरीत, हे मला माहीत असणं गरजेचं आहे, कारण त्याशिवाय मला तिचं वाचन समजलं नसतं. पण प्रगतीपुस्तक घरी काका-मामा सगळे बघतात, पुढे दाखल्याबरोबर फिरतं, तिथे घरची परिस्थिती लिहून काय साधणार? ते नव्या शिक्षकाला तोंडी सांगता येतं. "कष्टाळू आहे", "जिद्दी आहे" हेही मी घेत नाही. ती आहेच, पण त्या शब्दांनी पुढच्या माणसाला तिच्यासोबत काय करायचं ते कळत नाही.

आणि अजून एक गोष्ट, जी मला फार जवळची वाटते. ही नोंद वाचणार कोण? आईला वाचता येतं पण कामावरून येईपर्यंत रात्र होते. आजीला वाचता येत नाही. म्हणजे 1 मेला घरी गेल्यावर ती स्वतःच पडवीत बसून आजीला आपलं प्रगतीपुस्तक वाचून दाखवणार. मग त्या चौकोनात "उत्तरोत्तर वृद्धिंगत होणारे वाचनकौशल्य" असं लिहिलं तर ज्या मुलीला आपण वाचायला शिकवलं तिलाच आपण तिथे अडवलं. म्हणून तिच्या नोंदीतले शब्द तिला वाचता येतील असेच घ्यायचे, जोडाक्षरं जेवढी टाळता येतील तेवढी टाळायची, वाक्यं छोटी. ऑफिसच्या भाषेत न लिहिल्याबद्दल आजवर कोणी काही म्हटलेलं नाही, आणि म्हटलं तर सांगायला माझ्याकडे कारण आहे.

तर लिहिलं ते असं.

विशेष प्रगती: "जूनमध्ये वेलांटी, उकाराचे शब्द वाचताना अडायची. आता न पाहिलेला पन्नास शब्दांचा उतारा एकटी वाचते. चुकले तर थांबते आणि आपणहून नीट वाचते."

आवड आणि छंद: "माशांची चित्रे काढते, खाली नावे लिहिते."

सुधारणा आवश्यक: "रफार आणि ऱ्या असलेले शब्द अजून चुकतात, जसे सूर्य, किनाऱ्यावर. सुट्टीत रोज अर्धे पान मोठ्याने वाचून आजीला ऐकवावे."

सुधारणा आवश्यक या चौकोनाबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचंय. वर आलेल्या मुलाच्या बाबतीत हा चौकोन रिकामा सोडायचा मोह होतो, एवढं केलंय बिचारीने, आता कशाला उणं काढा. पण रिकामा ठेवला की घरच्यांना वाटतं झालं, आलं सगळं. आणि तिथे "वाचनाचा सराव करावा" एवढंच लिहिलं तर ते कोणीच करत नाही, कारण कोणी करायचं, किती, काय वाचायचं, काहीच त्यात नाही. अर्धं पान, रोज, मोठ्याने, आजीला. एवढं लिहिलं तर होण्याची शक्यता आहे. आजीला वाचता येत नसलं तरी चालतं, तिने फक्त ऐकायचं आणि कळलं नाही तर विचारायचं, "म्हंजे काय गो?" त्या प्रश्नासाठीच मला आजी हवी आहे.

पालकांना रिझल्टच्या दिवशी हे समोर बसवून पण सांगावं लागतं, नुसतं लिहून भागत नाही. तिची आई आली होती, फॅक्टरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून. पुस्तक उघडायच्या आधीच विचारलं, "बाई, पास झाला मा चेडू?" मी म्हटलं, वयनी, पास तर आहेच, पण आधी ह्या ओळी बघा. तिने हळूहळू वाचलं, मग मुलीकडे बघितलं, आणि म्हणाली, "खरा हा बाई, परवा एसटीतसून येताना पाटयो वाची होता." मी लगेच विचारलं कुठली पाटी अडली. तिला ते आठवेना, पण मुलीने मागून सांगितलं, "खारेपाटण वाचलंय, दुसरी एक नाय जमली, वर रफार होतो."

तेव्हा तिथेच मी आईला सांगितलं की पुस्तकच हवं असं नाही. मे महिन्यात आपल्याकडे घरोघरी लग्नपत्रिका येतात, मुंबईचे पाहुणे येतात, बिस्किटांचे पुडे येतात, आंब्याच्या पेटीवर छापलेलं असतं, सगळं वाचायला द्या. लग्नपत्रिकेत तर रफार आणि जोडाक्षरं खच्चून भरलेली असतात, कार्य, मुहूर्त, आशीर्वाद. एका पत्रिकेत आठवड्याचा सराव निघतो. आणि अडली तर लगेच सांगू नका, पाच आकडे मोजेपर्यंत थांबा, तिची ती दुरुस्त करते का बघा. नाहीच जमलं तर मग शब्द सांगून टाका, चिडवू नका.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. ही अशी नोंद लिहायची तर वर्षभराच्या तारखा हातात हव्यात, आणि वर्गात चाळीस मुलं असतील तर प्रत्येकाची इतकी बारीक नोंद एका शिक्षकाकडून होणार नाही. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये पट कमी आहे म्हणून ते जमतं. मोठ्या वर्गात मी सगळ्यांसाठी हे करा म्हणणार नाही, पण जून-जुलैमध्ये जी चार-पाच मुलं अडलेली दिसतात, निदान त्यांची वही वेगळी ठेवावी, कारण त्यांचीच गोष्ट श्रेणीत हरवते. बाकीच्यांची श्रेणी बऱ्यापैकी खरं बोलते.

आता चौथीला तिला जे कोणी शिकवेल त्याच्यासाठी मी वहीचं शेवटचं पान प्रगतीपुस्तकाच्या झेरॉक्ससोबत फाइलला लावून ठेवलंय. त्यावर एवढंच आहे: जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तक देऊ नये, न पाहिलेला पन्नास शब्दांचा उतारा द्यावा. एप्रिलला चार चुका होत्या, सुट्टीनंतर आठ-नऊ होतील, त्यावरून काही ठरवू नये. साधारण दोन आठवड्यांनी परत तसाच दुसरा उतारा द्यावा, आणि चुका मोजण्याआधी ती किती ठिकाणी आपणहून थांबली ते मोजावं. दोन आठवड्यांनी पण थांबत नसेल, तर मात्र माशांची कार्डं कपाटात वरच्या खणात आहेत, तिथून परत सुरुवात करावी.